आधी पडायला शिकवा

चार वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक झाली. त्या वेळी शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती आणि मुख्याध्यापकांनी मैदानाची किल्ली आमच्याकडे दिली. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. बी.एड.ला असताना शारीरिक शिक्षणाचे चार तास घेतले होते, तेवढेच भांडवल. तालुक्याच्या शालेय स्पर्धा तोंडावर आल्या होत्या आणि लांब उडीला मुले पाठवायची होती. आम्हाला वाटले, यात शिकवण्यासारखे काय आहे? धावायचे आणि उडी मारायची. आम्ही मुलांना रांगेत उभे केले, फळीकडे बोट दाखवले आणि म्हणालो, "जोरात या, जोरात मारा."

सातवीतला एक मुलगा खरोखरच जोरात आला. उडीही चांगली लांब गेली. पण पाय वाळूला टेकताच तो मागे कलला, तोल सावरायला त्याने उजवा हात पाठीमागे टेकला आणि मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. सहामाहीचे पेपर दुसऱ्या मुलाने त्याच्यासाठी लिहिले. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या अम्मी रागावल्या नाहीत. चहा दिला आणि एवढेच म्हणाल्या, "सर, तुम्ही त्याला उडी मारायला शिकवलं. पडायला नाही शिकवलं."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. पुढे सुटीत शिक्षकांच्या एका शिबिरात चार दिवस जाऊन बसलो, जाणकारांना मैदानावर शिकवताना पाहिले आणि समजले की त्या माउलीने नेमकी गोष्ट सांगितली होती. लांब उडीचे चार भाग असतात. धाव, उड्डाण, हवेतला प्रवास आणि जमिनीवर येणे. घडतात याच क्रमाने, पण नवख्या मुलाला याच क्रमाने शिकवू नयेत. शेवटचा भाग आधी शिकवावा, कारण दुखापत तिथेच होते आणि भीतीही तिथलीच असते. ज्या मुलाला उतरण्याची खात्री नाही, ते फळीपाशी आल्यावर आपोआप वेग कमी करते. मग कितीही धावायला शिकवा, उपयोग होत नाही.

या वर्षी त्याच मुलाची धाकटी बहीण आठवीत आली. खेळाच्या यादीत तिने स्वतःहून लांब उडीपुढे आपले नाव लिहिले. पालकांच्या सहीचा कागद घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी सहीऐवजी अम्मीच शाळेत आल्या. आम्ही त्यांना म्हणालो, "पहिले दोन आठवडे ती धावणारच नाही. फक्त पडायला शिकेल. तुम्ही येऊन बघा, मग सही करा." त्या आल्या. त्या दोन आठवड्यांपासून स्पर्धेच्या दिवसापर्यंत आम्ही काय केले, ते इथे सांगतो. आपल्यापैकी पुष्कळ शाळांत खेळाचे शिक्षक नसतात आणि हे काम भाषेच्या किंवा गणिताच्या शिक्षकावर येऊन पडते.

सुरुवात वाळूपासून. आमच्या शाळेचे शिपाई चाचा पूर्वी गवंडीकाम करत. ते खड्ड्याकडे बघून म्हणाले, "सर, ही वाळू नाही, ही भिंत आहे." पाऊस आणि ऊन खाऊन वाळू घट्ट बसली होती, खाली माती मिसळली होती. चार वर्षांपूर्वी तो मुलगा याच थरावर पडला होता. चाचांनी परीक्षा सांगितली. ओली वाळू मुठीत दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला आणि बोटाने ढकलूनही फुटला नाही, तर मातीचा अंश जास्त आहे. चांगली वाळू हलक्या धक्क्याने सुटते. आम्ही जुनी वाळू काढली, चाळलेली नवी भरली. तेव्हापासून प्रत्येक सरावाआधी मोठी मुले फावड्याने खड्डा फूटभर खोल उकरतात, खडे आणि काचा वेचतात, थोडे पाणी शिंपडतात आणि दाताळ्याने सपाट करतात. पाणी धूळ बसावी म्हणून, आणि टाचेची खूण स्पष्ट उमटावी म्हणूनही. वाळूची पातळी धावण्याच्या जमिनीएवढीच ठेवायची. खाली गेलेली वाळू मुलाला अंदाज चुकवून जास्त खाली पाडते.

पहिल्या दिवशी मुले खड्ड्याच्या काठावर उभी राहिली आणि जागच्या जागेवरून दोन्ही पायांनी वाळूत उडी मारली. धाव नाही, फळी नाही. आम्ही एकच गोष्ट सांगितली. टाचा आधी टेकवा आणि टेकताच गुडघे मऊ सोडून द्या. नवखे मूल उलट करते. पाय ताठ ठेवते, म्हणजे धक्का गुडघ्यात आणि कमरेत जातो आणि शरीर मागे फेकले जाते. गुडघे सोडले की कंबर टाचांच्या खड्ड्याकडे सरकते आणि मूल पुढे जाते किंवा एका बाजूला कलते. दोन्ही चालते. मागे जाणे तेवढे चालत नाही.

मग हात. हात नेहमी पुढे, गुडघ्यांच्याही पलीकडे, समोर ठेवलेले काही उचलायचे आहे असे. याची दोन कारणे आम्ही मुलांना सांगितली. पहिले तर त्या मुलीला घरातच ठाऊक होते. मागे टेकलेल्या हातावर सगळ्या अंगाचा भार येतो. दुसरे कारण मोजमापाचे. लांब उडीत फळीच्या रेषेपासून वाळूतल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत मोजतात. टाच साडेतीन मीटरवर पडली आणि हात तीन मीटरवर टेकला, तर उडी तीन मीटरचीच धरतात. अर्धा मीटर हाताने घालवला.

या नियमातला एक बारकावा मुलींच्या पालकांनी लक्षात ठेवावा असा आहे. खूण फक्त शरीराचीच मोजतात असे नाही. खूण उमटताना अंगावर जे काही असेल, त्याचीही खूण धरतात. मागे लोंबणारी ओढणी वाळूला लागली तर मोजमाप तिथून होते. शिवाय ती पायात येण्याचा धोका वेगळाच. आमच्या मुली पूर्ण बाह्यांचा सदरा, ट्रॅकपँट आणि मानेभोवती घट्ट खोचलेला स्कार्फ घालून उड्या मारतात. त्यात काहीही अडत नाही. अम्मींनी हे ऐकले आणि त्याच संध्याकाळी मुलीचा स्कार्फ दोन्ही टोके आत शिवून दिला.

तिसऱ्या दिवशी वाळूवर एक दोरा आडवा टाकला, मूल सहज पोहोचते त्याच्या वीतभर पुढे. बांधलेला नव्हे, नुसता टाकलेला. टाचा दोऱ्याच्या पलीकडे टाकायच्या आणि अंग टाचांच्या मागे बसू द्यायचे नाही. दोरा दिसला की मुले आपोआप पाय उचलून पुढे फेकतात. "पाय पुढे टाक" असे दहा वेळा सांगून जे होत नाही, ते एक दोरा करून देतो. उतरणे जमले की नाही हे वाळू सांगते. टाचांचे दोन खोल खड्डे शेजारी शेजारी आणि त्यांच्या मागे काही नाही, तर जमले. एक खड्डा पुढे, एक मागे असेल तर मागचा मोजला जाणार. टाचांच्या मागे पंज्याची खूण दिसली, तर त्या मुलाने अजून धावायचे नाही.

दोन आठवड्यांत त्या मुलीच्या मागे एकदाही हाताची खूण उमटली नाही. अम्मी काठावर बसून तेवढेच बघत होत्या. नंतर त्यांनी सही केली.

पुढचा भाग उड्डाणाचा. आधी उडीचा पाय कोणता हे ठरवावे लागते. मुलांना विचारू नये, त्यांना ठाऊक नसते. जमिनीवर फक्कीच्या दोन रेषा मारून ओढा आखावा आणि चार-पाच पावले धावत येऊन तो ओलांडायला सांगावा. ज्या पायाने मूल नकळत जमीन ढकलते, तो त्याचा उडीचा पाय. तीन वेळा पाहून खात्री करावी. त्या मुलीचा डावा निघाला. उजव्या पायाने चेंडू मारणाऱ्या पुष्कळ मुलांचा डावाच असतो, पण तसे गृहीत धरू नये.

त्यानंतर तीन पावलांची धाव. उडीचा पाय जवळजवळ सपाट टेकवायचा, झटकन. दुसऱ्या पायाचा गुडघा कमरेएवढा वर आणायचा आणि तिथेच थांबवायचा. छाती उभी, नजर समोर. मग त्याच अवस्थेत वाळूत उतरायचे, वर आलेला पाय पुढे, उडीचा पाय मागे, जणू चालता चालता पुतळा झाला. या सरावात अंतर मोजायचेच नाही. मोजायला लागले की मुले पुतळा विसरतात आणि पाय झाडू लागतात.

इथे चूक कानाने ओळखता येते. पाय नीट पडला तर "टप" असा तुटक आवाज येतो. "धप्प" असा जड आवाज आला तर मूल टाच आपटते आहे किंवा पाय फार पुढे टाकून स्वतःलाच अडवते आहे. असा पाय ब्रेकसारखा काम करतो, शिवाय टाच दुखावतो. उलट काही मुले चवड्यावर येतात आणि त्यांचा गुडघा खाली दबतो. तीही उडी बसते. उंची यावी म्हणून आम्ही वाळूत एक मीटरवर पुठ्ठ्याचा रिकामा खोका ठेवला, गुडघ्यापेक्षा जरा कमी उंचीचा. लाथ लागली तर खोका चेपतो, मुलाला काही होत नाही.

एका मुलाने प्रश्न विचारला, "सर, विज्ञानाच्या पुस्तकात तर पंचेचाळीस अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते. मग आम्ही इतक्या तिरप्या का नाही उड्या मारायच्या?" प्रश्न चांगला होता. आम्ही विज्ञानाच्या शिक्षिकेला सोबत घेऊन उत्तर शोधले. दगड कोणत्याही कोनात सारख्याच जोराने फेकता येतो, धावणाऱ्या माणसाचे तसे नाही. उडीचा पाय जमिनीला लागतो तो सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडा जास्त वेळ. तेवढ्यात धावेचा सगळा वेग वर वळवता येत नाही. फार वर जायचे तर वेग मारावा लागतो आणि लांबीची भाकरी तर वेगाच्याच पिठाची. म्हणून जगातले मोठे उडीपटूही वीस अंशांच्या आसपासच उडतात. मुलांना आम्ही एवढेच सांगितले, "पुढे जाता जाता वर. आभाळाकडे नाही."

तिसरा भाग हवेतला. मुलांना यात सर्वांत जास्त रस असतो आणि शिकवण्यासारखे सर्वांत कमी असते. टीव्हीवर पाहून ती हवेत सायकल चालवल्यासारखे पाय मारतात आणि समजतात की त्याने उडी लांबते. तसे नाही. पाय जमिनीवरून सुटला की शरीराचा मार्ग ठरून गेला. हवेत हातपाय हलवून तो लांबवता येत नाही. मग मोठे खेळाडू ते का करतात? फळीवर पाय अडतो आणि वरचे अंग पुढे झोके घेते, म्हणून उडी सुटल्यावर शरीर पुढच्या बाजूला कोलमडू पाहते. हातपायांच्या फिरकीने ते कोलमडणे थोपवले जाते, म्हणजे उतरताना पाय पुढे टाकता येतात. नवख्या मुलाच्या उडीत तेवढा वेळच नसतो.

म्हणून आम्ही सोपी पद्धत धरली. पुतळ्याची अवस्था हवेत जमेल तितकी टिकवायची आणि खाली येऊ लागताच मागचा पाय पुढच्याच्या शेजारी आणून दोन्ही टाचा पुढे करायच्या. म्हणजे दुसऱ्या भागातला पुतळा आणि पहिल्या भागातला दोरा यांना जोडणे, बस्स. या मुलीची अडचण अशी झाली की ती पाय फार लवकर जोडायची. फळी सोडताच दोन्ही गुडघे पोटाशी. मग अंग पुढे कोलमडायचे आणि पाय पुढे जाण्याऐवजी खाली पडायचे. आम्ही तिला आठवडाभर पुन्हा पुतळ्यावर नेले. पायरी जमली नाही तर मागच्या पायरीवर जावे, यात कमीपणा नाही.

एका दिवसात एका मुलाच्या आठ ते दहा उड्याच आणि आठवड्यातून दोनच दिवस, हा नियम आम्ही कधी मोडला नाही. वाढीच्या वयात टाच आणि गुडघा लवकर दुखू लागतात. सकाळी उठल्यावर टाच दुखते असे कोणी सांगितले की त्याने दुखणे थांबेपर्यंत फक्त वाळू सपाट करायची.

आता धाव. इथे आमची मराठी उपयोगी पडली. उडीपूर्वीचे शेवटून दुसरे पाऊल जरा लांब असते आणि त्यात अंग किंचित खाली येते. शेवटचे पाऊल आखूड आणि चपळ. मुलांना हे समजावून सांगितले की ती लांब पावलाचा अतिरेक करून बसकण मारतात. म्हणून आम्ही वृत्तातले गुरू आणि लघू आठवायला लावले. टाळी वाजवून म्हणायचे, लांब-आखूड, "टाऽप-टप". पाच पावलांच्या धावेत शेवटच्या दोन पावलांसाठी फक्कीच्या खुणा करून दिल्या. दोन-तीन दिवसांत ताल कानात बसला आणि खुणा पुसल्या.

किती पावलांची धाव घ्यावी? नवख्याला जितका वेग सांभाळता येईल तितकीच. पंचवीस-तीस पावले धावून आलेले मूल फळीपाशी दमलेले असते आणि पावले चुकलेली असतात. आम्ही पाच पावलांवरून सात आणि सातवरून नऊवर गेलो, तिथेच थांबलो.

या मुलीची नऊ पावले कशी बसवली ते सांगतो, कारण हा हिशेब कोणालाही करता येतो. फळीच्या रेषेवर तिला खड्ड्याकडे पाठ करून उभे केले आणि उलट दिशेने, उडीला येताना धावते तशीच, नऊ पावले धावायला सांगितले. नववे पाऊल कुठे पडले तिथे खूण. पाच वेळा केले. अंतरे आली 12.90, 13.10, 13.20, 13.30 आणि 14.00 मीटर. शेवटच्या वेळी ती उगीच लांब टांगा टाकत होती, म्हणून ते सोडले. बाकीच्यांची सरासरी 13.10 च्या आसपास. तिथे सुरुवातीची खूण केली. डावा पाय उडीचा आणि पावले नऊ, म्हणून उजवा पाय खुणेवर ठेवून डाव्याने सुरुवात. म्हणजे पहिले डावे, तिसरे डावे आणि नववेही डावेच.

मग खुणेवरून फळीकडे धाव, उडी न मारता. तिचा पाय रेषेच्या पुढे पडला. एकदा 25 सेंटिमीटर, एकदा 30, एकदा 20. तिन्ही वेळा एकाच बाजूला, जवळपास सारखेच. अशा वेळी मुलाला काही सांगू नये, खूण हलवावी. पाय 25 पुढे पडतो तर खूण 25 मागे, म्हणजे 13.35. पण कधी 40 पुढे आणि कधी 30 मागे असे होत असेल, तर खूण हलवून काही साधत नाही. तिथे पावलेच सारखी नाहीत आणि उपाय म्हणजे नुसती धाव, फळीशिवाय, पुन्हा पुन्हा. आम्ही पहिल्या वर्षी हे न समजता खुणा इकडून तिकडे हलवत बसलो होतो.

सर्वांत मोठी चूक फळीकडे बघण्याची. मूल खाली बघते आणि शेवटी इवलीइवली पावले टाकून फळी गाठायचा प्रयत्न करते. वेग तिथेच संपतो. म्हणून पहिला महिनाभर आम्ही फळी वापरलीच नाही. फक्कीचा मीटरभर रुंद पट्टा मारला. पाय पट्ट्यात कुठेही पडो, मोजायचे पायाच्या बोटापासून. नजर कुठे? खड्ड्यापलीकडच्या कडुलिंबावर. फळी पायाला सापडू द्यायची, डोळ्याला नाही.

एके दिवशी टेप घेऊन रेषेपासून 6.70 मीटरवर आम्ही खूण केली आणि मुलांना सांगितले, 2003 साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत अंजू बॉबी जॉर्ज इथे उतरल्या आणि भारताला कांस्यपदक मिळाले. मुले ती खूण बघत राहिली. त्या दिवशी या मुलीची सर्वांत लांब उडी 3.58 होती. ती दोन्ही खुणांच्या मध्ये उभी राहून म्हणाली, "सर, मी निम्म्याच्या पुढे आहे." आम्हाला हा हिशेब सुचला नव्हता.

पाय बळकट होत गेले तशी पावले लांबली आणि स्पर्धेपर्यंत तिची खूण 13.80 वर गेली. स्पर्धा पावसाळ्यात. आदल्या रात्री पाऊस झाला होता, मैदानाची माती भिजून मऊ झाली होती. टेप लावून 13.80 वर खूण केली. पहिल्या उडीत तिचा पाय रेषेच्या 35 सेंटिमीटर अलीकडेच पडला. मऊ जमिनीत प्रत्येक पाऊल थोडे थोडे आखूड पडते आणि नऊ पावलांत ते साठते. स्पर्धेत पट्टा नसतो, मोजतात ते रेषेपासून. अंतर आले 3.28. उडी खरे तर 3.63 ची होती, पण ते 35 सेंटिमीटर कोणी धरत नाही.

आम्ही दोरीच्या बाहेर होतो, आत जाऊन सांगता येत नव्हते. ती आमच्याकडे वळून न बघता खुणेपाशी गेली आणि खूण टाचेने मोजत वीत-दीड वीत पुढे आणली. हिशेब बरोबर होता. पण दुसऱ्या वेळी तिला फळीची धास्ती वाटली असावी. मान खाली गेली, शेवटी चार इवली पावले टाकली आणि उडी जेमतेम 3.31 झाली.

तिसरी आणि शेवटची उडी. खुणेवर ती जरा जास्त वेळ उभी राहिली. त्या मैदानात कडुलिंब नव्हता. खड्ड्यापलीकडे पाण्याची टाकी होती, तिकडे तिने नजर लावली. धावली. टाऽप-टप. पाय रेषेच्या पाच-सहा सेंटिमीटर अलीकडे पडला, गुडघा वर आला आणि थांबला, टाचा पुढे गेल्या. 3.74. तिची आजवरची सर्वांत लांब उडी.

नंबर आला पाचवा. जिल्ह्याला पहिल्या दोघी गेल्या, त्यातली एक सव्वाचार मीटरच्या पुढे होती. आमच्या मुलीकडे तेवढा धावेचा वेग अजून नाही आणि तो एका हंगामात येत नाही.

अम्मी आणि तो मोठा भाऊ, ज्याचे मनगट चार वर्षांपूर्वी मोडले होते, दोघेही आले होते. पंचांनी अंतर वाचून दाखवले तेव्हा अम्मींचे तिकडे लक्ष नव्हते. त्या दोरीपाशी वाकून वाळूकडे बघत होत्या. दाताळे फिरण्याआधी त्यांनी आम्हालाही हाक मारून दाखवले. टाचांचे दोन खड्डे शेजारी शेजारी होते, पुढे गुडघ्यांची खूण होती आणि त्याच्याही पुढे दोन तळवे. मागची वाळू सपाट होती.

"पडली बरोबर," अम्मी म्हणाल्या.